सातांत पाच कप्स: नऊ आठवड्यांच्या नात्याचं एक रीडिंग

पार्श्वभूमी

हे प्रकरण लिहायला तिची परवानगी आहे. नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. टॅरोचे पत्ते मात्र त्या दिवशी आले तसेच, त्याच क्रमाने देते आहे.

ती तिशीच्या थोडी पुढची. सहा वर्षांचं एक नातं साखरपुड्यापर्यंत जाऊन मोडलं होतं, त्यालाही दोन वर्षं झाली होती. नवीन ओळख नऊ आठवड्यांची. तो दुसऱ्या शहरात राहतो. रोज रात्री लांबलचक मेसेज, सुट्टीच्या दिवशी तासन्‌तास फोन. प्रत्यक्ष भेटी पाच, आणि त्या पाचही सहलीच्या किंवा सणासुदीच्या दिवशी झालेल्या. आता तो म्हणत होता, तू इकडेच ये, बदली मागून घे. ऑफिसला तिने दहा दिवसांत कळवायचं होतं.

बसल्या बसल्या तिने विचारलं, "ताई, हे खरंच खोल आहे ना? की मलाच तसं वाटतंय?"

त्या 'ना'मध्ये तिला कुठलं उत्तर हवंय ते कळत होतं. प्रेमाच्या रीडिंगला येणारी बहुतेक माणसं उत्तर अर्धं ठरवूनच आलेली असतात. त्यात गैर काही नाही, पण रीडरने ते मनात नोंदवून ठेवायला हवं.

मांडणी आणि आलेले पत्ते

डेक वेट-स्मिथचा, म्हणजे पामेला कोलमन स्मिथने 1909 साली चितारलेला. एकूण 78 पत्ते. त्यातले 22 मेजर अर्काना, म्हणजे कुठल्याही सूटमध्ये न बसणारे, आणि बाकीचे 56 कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स आणि वाँड्स या चार सूटमध्ये, प्रत्येकी 14. कप्स हा पाण्याचा सूट. भावना, ओढ, आठवण, नातं हा त्याचा प्रांत. मी उलटे पत्ते वेगळे वाचत नाही, सगळे सरळ करून घेते.

सात पत्त्यांची मांडणी केली. जागा आधी बोलून घेतल्या, आणि त्यावर हे पत्ते आले:

1. ती या नात्यात कशी उभी आहे: क्वीन ऑफ कप्स
2. तो तिला कसा दिसतो: नाइट ऑफ कप्स
3. आज दोघांमध्ये काय आहे: टू ऑफ कप्स
4. मागून काय आलं आहे: सिक्स ऑफ कप्स
5. काय नीट दिसत नाही: सेव्हन ऑफ कप्स
6. तिच्या हातात काय आहे: टू ऑफ स्वोर्ड्स
7. नातं कुठल्या दिशेने वाहतंय: टेंपरन्स

दुसऱ्या जागेचे शब्द मी मुद्दाम असे ठेवते. बऱ्याच मांडण्यांत तिथे 'त्याच्या मनात काय आहे' असं असतं. जो माणूस समोर नाही, ज्याने प्रश्न विचारलेला नाही, त्याचं मन मी पत्त्यातून सांगू शकते असं मी मानत नाही. तो तिला कसा दिसतो एवढंच त्या जागेवर वाचता येतं, आणि तेवढ्यातूनही पुष्कळ कळतं.

तिसरा पत्ता उलटला तेव्हा तिचे डोळे भरून आले. टू ऑफ कप्समध्ये एक तरुण आणि एक तरुणी समोरासमोर उभे असतात. दोघांच्या हातात सारखे पेले, आणि त्याचा एक हात तिच्याकडे पुढे झालेला. टॅरो कधी न पाहिलेल्या माणसालाही हा पत्ता समजतो. पाचवा पत्ता उलटेपर्यंत ती हसत होती. "सगळे कप्सच आलेत! म्हणजे किती खोल आहे बघा."

अडचण

इथे मला दोन अडचणी होत्या, आणि पहिली माझ्याच हातून झालेली.

पाचवा पत्ता उलटल्यावर माझ्या लक्षात आलं की क्वीनच्या शेजारी नाइट आलाय आणि सिक्सच्या शेजारी सेव्हन. डेक क्रमाने लावला तर हे पत्ते एकमेकांना चिकटूनच असतात. आदल्या संध्याकाळी शिकायला येणाऱ्या दोघींसाठी मी चारही सूट वेगळे करून क्रमाने मांडले होते. नंतर गठ्ठे एकावर एक ठेवून डेक पेटीत टाकला, आणि वर राहिला कप्सचा गठ्ठा. आज तिने पत्ते हातात धरून थोडे थोडे खाली सोडत दहा-बारा वेळा पिसले, एकदा कापले, आणि मी वरून सात घेतले. या पद्धतीने पत्ते चळतींनी हलतात. चळतीच्या आतले शेजारी शेजारीच राहतात. 52 पत्त्यांचा कॅट दोन भाग करून एकमेकांत फर्रकन मिसळत गेलं तर नीट मिसळायला साधारण सात वेळा लागतात, असं डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी 1992 साली दाखवलं. 78 पत्त्यांना त्याहून थोडं जास्तच लागणार. हातातल्या हातात खाली सोडत पिसणं याहून कितीतरी कच्चं, त्याला दहा-बारा वेळा म्हणजे जेमतेम सुरुवात.

डेक नीट पिसलेला असता तर सातांत पाच किंवा अधिक कप्स येण्याची वेळ साधारण सव्वासहाशे मांडण्यांत एकदा आली असती. सरासरीने सात पत्त्यांत कप्सचा वाटा एक, फार तर दोन. म्हणून असा भरगच्च स्प्रेड समोर आला की अंगावर काटा येतो आणि तोंडून मोठी वाक्यं निघून जातात. पण कुठल्याही एका सूटचं असं प्राबल्य मोजलं तर तेच प्रमाण दीडशेच्या आसपास एकदा इतकं खाली येतं. रोज तीन-चार मांडण्या करणाऱ्या रीडरला वर्षातून काही वेळा ते दिसणारच. आणि इथे तर डेक पिसलेलाच नव्हता. किती कप्स आले या आकड्यावर काहीही उभं करणं मला शक्य नव्हतं.

दुसरी अडचण जुनी आहे आणि डेक कितीही पिसला तरी राहते. कप्स पुष्कळ आले म्हणजे भावना पुष्कळ आहे, एवढंच फार तर म्हणता येईल. पुष्कळ आणि खोल यांत फरक आहे. पावसाळ्यात रस्त्यावरूनही पाणी दुथडी वाहतं आणि त्यात पाऊल घोट्यापर्यंतच बुडतं. नवीन नात्याच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत कप्स भरभरून आले नाहीत तरच मला नवल वाटेल. तिचा प्रश्न खोलीचा होता आणि ती उत्तर मोजणीत शोधत होती.

कोणते पर्याय समोर होते

पत्ते गोळा करून पुन्हा पिसायचे, हा सगळ्यात सरळ मार्ग. पण ती टू ऑफ कप्सपाशी रडली होती. त्या क्षणी पत्ते उचलले असते तर मी काहीतरी वाईट पाहून लपवतेय असंच तिला वाटलं असतं, आणि पुढचा प्रत्येक पत्ता तिने त्या भीतीने पाहिला असता.

काही न बोलता पुढे वाचत राहायचं, हाही पर्याय होता. कुणाला कळलं नसतं. पण 'सातांत पाच' हे वाक्य ती मैत्रिणींना सांगणार, त्याला सांगणार, आणि बदलीच्या अर्जामागे तेच वाक्य उभं राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तिसरा मार्ग सावध करण्याचा. नाइट ऑफ कप्स म्हणजे गोड बोलणारा, सेव्हन ऑफ कप्स म्हणजे भ्रम, तेव्हा जपून. हे वाचन पुस्तकी बरोबर आहे आणि रीडरला शहाणं दाखवतं. पण न भेटलेल्या माणसावर मी ठपका ठेवला असता, तोही तिच्या आदल्या नात्याच्या जखमेवर बोट ठेवून.

मी निवडलं ते असं. डेकची गोष्ट तिला सांगायची. किती आले हे बाजूला ठेवायचं. आणि कुठला पत्ता कुठल्या जागेवर आहे, त्यात पाणी कसं आहे, हे एकेक करून तिच्याबरोबर पाहायचं. संख्येला अर्थ द्यायचा तर पत्ते नीट मिसळलेले असावे लागतात. समोरच्या चित्रातून बोलणं सुरू करायला ती अट नाही. तिने स्वतःबद्दल जे सांगितलं असतं ते खरंच राहिलं असतं, पत्ता कुठल्याही चळतीतून आलेला असो.

मी म्हटलं, "काल संध्याकाळी मी हे पत्ते सूटप्रमाणे लावले होते. कप्स इतके येण्याचं कारण तेही असेल. म्हणून किती आले ते आपण मोजायचं नाही. कोणते आले ते बघू."

तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने म्हणाली, "पण काढले तर मीच ना?"

"तूच काढलेस. म्हणून तर तूच सांगायचंस यांत काय दिसतंय ते."

काय केलं: पाणी कुठे आहे ते पाहिलं

तिला मी एकच गोष्ट करायला सांगितली: पाचही कप्सच्या चित्रांत पाणी शोध. कप्स पाण्याचा सूट म्हणून आपण पाणी गृहीत धरतो, पण या डेकमध्ये ते प्रत्येक पत्त्यावर काढलेलं नाही. ती वाकून पाहू लागली. क्वीनच्या पायाशी समुद्र आहे. नाइटच्या पुढे एक छोटी नदी आहे. टू ऑफ कप्समध्ये टेकडी आहे, घर आहे, पाणी नाही. सिक्समध्ये जुन्या वाड्याचं अंगण आहे आणि पेल्यांत पाण्याऐवजी फुलं आहेत. सेव्हनमध्ये सगळे पेले ढगावर ठेवलेले. ढग म्हणजे पाणीच, पण अजून न पडलेलं.

ही माझी स्वतःची वाचायची सवय आहे. कुठल्या परंपरेचा नियम म्हणून ती सांगत नाही. पण नवीन नात्यात खोली किती, हा प्रश्न आला की ती उपयोगी पडते. पाणी साठलंय कुठे, वाहतंय कुठे, आणि कुठे नुसता ढग आहे, या तीन गोष्टी वेगळ्या होतात.

समुद्र तिच्या बाजूला होता. क्वीन ऑफ कप्स हातातल्या पेल्याकडे टक लावून पाहत बसलेली असते, आणि तिचा पेला झाकलेला आहे. या सूटमधले बाकी सगळे पेले उघडे, हा एकच नक्षीदार झाकणाचा. मी विचारलं, "त्याला अजून काय सांगितलं नाहीस?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, साखरपुडा मोडल्याचं त्याला माहीत नाही. 'एक नातं होतं' एवढंच सांगितलंय. नऊ आठवडे रोज रात्री तासभर बोलून ही एक गोष्ट राहिली होती. माझ्या मते तिच्या प्रश्नाचं उत्तर त्याच पत्त्यात होतं. खोली होती, पण तिच्यापाशी, झाकणाखाली. नात्यात ती अजून उतरलेली नव्हती.

नाइटच्या वाट्याला नदी आहे. त्याचा घोडा चारही पाय झोकून धावत नाही, मान वाकवून एकेक पाऊल टाकतो. पेला पुढे धरलेला, जणू काही द्यायला निघालाय. नदी अजून ओलांडायची आहे. तो तिला असा दिसतो: येणारा, काहीतरी घेऊन येणारा. मी फक्त एवढं विचारलं की पाच भेटींत कोण कुणाकडे गेलं. तीनदा तो आला होता, दोनदा ती गेली होती. म्हणजे हा नाइट नुसत्या शब्दांचा नव्हता, हे तिच्याच तोंडून आलं. सावध करण्याचा मार्ग मी घेतला असता तर इथे त्या माणसावर अन्याय झाला असता.

सिक्स ऑफ कप्सवर ती पटकन बोलली. "त्याच्याशी बोलताना मला लहान झाल्यासारखं वाटतं. काहीच सिद्ध करावं लागत नाही." सुंदर वाक्य आहे, आणि पत्ताही तोच आहे: एक मोठा मुलगा लहान मुलीला फुलांनी भरलेला पेला देतोय. पण जागा चौथी आहे, मागून आलेल्याची. मी तिला चित्राच्या मागच्या भागात चाललेला माणूस दाखवला. भाला खांद्याला लावून, पाठ करून तो निघून जातोय. पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तो बहुधा दिसतच नाही. "हा कोण?" मी विचारलं. तिने आदल्या नात्यातल्या माणसाचं नाव घेतलं आणि स्वतःच दचकली. राखण करणारा निघून गेल्यावर अंगणात जो मायेने पेला देतो, त्याच्या मायेत थोडी आपल्या एकटेपणाचीही गोडी मिसळलेली असते. त्याने ती माया खोटी ठरत नाही. पण तिच्यातलं किती त्या माणसाचं आणि किती आपल्या रिकाम्या अंगणाचं, ते वेगळं करावं लागतं.

त्यासाठीच सेव्हन ऑफ कप्सवर सगळ्यात जास्त वेळ दिला. ढगांवर सात पेले: एकात माणसाचं मस्तक, एकात कापडाखाली झाकलेली प्रकाशमान आकृती, एकात साप, मग किल्ला, दागिने, विजयाची माळ आणि एक राक्षसी प्राणी. माळेच्या पेल्यावर पुसट कवटी आहे. समोर उभा माणूस नुसता काळा, पाठमोरा. मी तिला कागद दिला आणि म्हटलं, तिकडे गेल्यावर काय काय होईल असं वाटतं त्या सात गोष्टी लिही. मग प्रत्येकीपुढे तीनपैकी एक लिही: त्याने केलं, त्याने म्हटलं, मी ठरवलं.

तिच्या यादीत होतं: आठवड्यातले निदान चार दिवस एकत्र जेवण, त्याच्या आईशी ओळख, वर्षभरात लग्न, तिची नोकरी तशीच चालू राहणं, आजारी पडल्यावर तो जवळ असणं, भांडण झालं तरी तो बोलणं बंद करणार नाही, दोघांचं वेगळं घर. 'त्याने केलं' असं एकापुढे आलं: एका सहलीत तिला ताप आला तेव्हा तो दिवसभर जवळ बसून होता. 'त्याने म्हटलं' दोनांपुढे: आईशी ओळख करून देतो, आणि नोकरी सोडू नकोस. उरलेल्या चारांपुढे 'मी ठरवलं'. वर्षभरात लग्न हे वाक्य त्याच्या तोंडून कधी आलंच नव्हतं. लिहिताना तिचा पेन तिथे थांबला होता. आधी तिने 'म्हटलं' लिहिलं, खोडलं, मोबाइल उघडून जुने मेसेज चाळले, आणि मग 'ठरवलं' लिहिलं.

पाचव्या जागेवरच्या सेव्हनचं काम इथे संपलं. तो पत्ता 'तो फसवतोय' म्हणत नव्हता. यादीत त्याचं खोटं एकही निघालं नाही. जे न बोललेलं होतं ते तिने भरून घेतलं होतं, आणि रोज रात्रीच्या मेसेजांमध्ये ते भरायला वाव भरपूर होता.

उरले दोन पत्ते. टू ऑफ स्वोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी बांधलेली स्त्री दोन तलवारी छातीवर फुलीसारख्या धरून बसते, आणि समुद्र तिच्या पाठीमागे आहे. बरेच जण याला कोंडी म्हणून वाचतात. 'तिच्या हातात काय आहे' या जागेवर मी त्याला रोखून धरणं म्हटलं. समुद्राकडे थोडा वेळ पाठ करून निर्णय तोलून धरणं तिच्या हातात आहे, दहा दिवसांत उत्तर देणं बंधनकारक नाही. टेंपरन्स हा मेजर अर्कानातला पत्ता, पण हातात दोन पेलेच आहेत. देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर, आणि एका पेल्यातून दुसऱ्यात पाणी ओतणं चाललंय. पूर्ण मांडणीत एका पेल्यातून दुसऱ्यात जाणारं पाणी फक्त याच पत्त्यावर होतं. तिला मी एवढंच म्हटलं की टू ऑफ कप्समध्ये पेले समोरासमोर आलेत, ओतणं अजून सुरू व्हायचंय.

चूक झाली ती इथे

आवरतं घेत असताना ती म्हणाली, "ताई, अजून एकच पत्ता काढा ना. शेवटचा."

मी काढू द्यायला नको होता. पण तास चांगला गेला होता, कागदावर तिने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, आणि नाही म्हणणं मला कठोर वाटलं. आला टेन ऑफ कप्स. इंद्रधनुष्यात दहा पेले, खाली हात उंचावलेलं जोडपं, नाचणारी दोन मुलं, मागे घर. तिने हात जोडले, मोबाइल काढला आणि फोटो घेतला. पाऊण तासात जे एकेक करून वेगळं केलं होतं ते एका चित्रात पुन्हा एकत्र झालं.

त्या पत्त्याला जागाच नव्हती. जागा नसलेला पत्ता मनातल्या इच्छेच्या जागेवर जाऊन बसतो. शिवाय तोही त्याच न पिसलेल्या डेकच्या वरच्या चळतीतला, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही सांगितलेलं होतं. मी पुन्हा सांगितलं. ती "हो हो" म्हणाली. मग मी तिला तिच्या यादीकडे परत आणलं: या पत्त्यातलं घर तुझ्या यादीत कितवं? "सातवं." त्यापुढे काय लिहिलंय? तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. नाराज होऊनच गेली.

निष्पत्ती

चार महिन्यांनी ती आली. मधल्या काळातलं तिने सांगितलं तसं लिहिते.

बदलीचा अर्ज तिने केला नाही, ऑफिसकडे पुढच्या फेरीपर्यंत मुदत मागितली. ती मिळाली. साखरपुड्याची गोष्ट तिने त्याला मेसेजवर सांगितली नाही, भेटून सांगितली. तो चार दिवस गप्प होता. तिच्या यादीतलं सहावं वाक्य, 'भांडण झालं तरी बोलणं बंद करणार नाही', तिथेच खोटं ठरलं, आणि ती चार रात्री झोपली नाही. पाचव्या दिवशी त्याने फोन केला. राग साखरपुड्याचा नव्हता. नऊ आठवडे आपल्याला अर्धंच सांगितलं गेलं, याचा होता. त्यानंतर तोही काही बोलला, जे त्याने आधी सांगितलं नव्हतं. ते मी इथे लिहीत नाही.

मग ती दोनदा तिकडे गेली, दोन्ही वेळा कामाच्या दिवसांत, लॅपटॉप घेऊन. तो सकाळी फारसा बोलत नाही, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं. रात्रीचे लांब मेसेज आता निम्म्यावर आलेत. त्याच्या आईशी भेट झाली. लग्नाचा विषय निघाला आणि 'वर्षभरात' हे त्याच्या मनात नाही हे स्पष्ट झालं. ती दुखावली, पण नातं चालू आहे. पुढच्या फेरीत बदली मागायची का, हे अजून ठरलेलं नाही.

खोल आहे का, हा प्रश्न तिने त्या दिवशी विचारला नाही. मीही काढला नाही.

आज करायचं तर

डेक मी आता प्रत्येक माणसाआधी टेबलावर पालथा पसरते आणि दोन्ही हातांनी दोन-तीन मिनिटं सगळीकडून कालवते. शिकवायचा डेक वेगळा ठेवलाय. पहिल्या दोन-तीन पत्त्यांत एकाच सूटचे क्रमाने लागून येणारे आकडे दिसले, तर माणूस भावुक व्हायच्या आधीच थांबून पुन्हा पिसते. मी पाचव्या पत्त्यापर्यंत वाट पाहिली, तोवर टू ऑफ कप्स उघडा पडून तिचे अश्रू येऊन गेले होते. क्वीन आणि नाइट शेजारी आले तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी बोलून गेले, ती मागे घ्यावीशी वाटते. मी म्हटलं होतं, "पेंटॅकल्स एकही नाही, म्हणजे रोजचं जगणं या नात्यात आलेलं नाही." ऐकायला छान वाटतं आणि योगायोगाने तिच्या बाबतीत ते लागूही पडलं. पण सात पत्त्यांत एखादा ठरावीक सूट अजिबात न येणं साधारण चारांत एकदा घडतंच. ज्या दिवशी कप्सची मोजणी मी नाकारली, त्याच दिवशी पेंटॅकल्सच्या शून्यावर मी मोठं वाक्य उभं केलं. रोजच्या जगण्याचा मुद्दा पाचही भेटी सुट्टीच्या होत्या या तिच्याच माहितीतून आला असता, आणि तिथूनच यायला हवा होता.

सात गोष्टींची यादी मी पत्ते उलटायच्या आधी लिहून घेतली असती तर बरं झालं असतं, असं कधी कधी वाटतं. पण मग सेव्हन ऑफ कप्स आल्यावर जो पेन थांबला तो थांबला नसता, असंही वाटतं. याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. त्यानंतर दोघींच्या बाबतीत यादी आधी घेऊन पाहिली. एकीला उपयोग झाला, दुसरीने सातही ओळींपुढे 'त्याने म्हटलं' लिहिलं आणि मला तपासायला काही उरलं नाही.

जास्तीच्या पत्त्याचं मात्र पक्कं ठरलंय. कुणी मागितला तर आधी त्याची जागा मोठ्याने बोलायची आणि कागदावर लिहायची: हा पत्ता कशाबद्दल? ते लिहिता आलं नाही तर पत्ता काढायचा नाही. तिने त्या दिवशी लिहिलं असतं तर बहुधा 'आमचं घर होईल का' असं लिहिलं असतं, आणि तो प्रश्न पत्त्यांना विचारण्याआधी त्याला विचारायचा होता.

टेन ऑफ कप्सचा फोटो तिच्या मोबाइलवर अजून आहे. घडीचा कागदही तिने जपून ठेवलाय. चार महिन्यांनी आली तेव्हा पर्समधून तो काढून तिने टेबलावर पसरला. दुसऱ्या आणि सहाव्या ओळीपुढचे शब्द बदलले होते. सातवी ओळ तशीच होती.